मान दुखते, पण अडकलीय पाठ

नमस्कार मॅडम. माझं वय ३६. मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, नऊ तास बैठं काम. समोर लॅपटॉप आणि उजव्या हाताला मोठी स्क्रीन. पाच-सहा महिने झाले, मानेची उजवी बाजू आणि उजव्या खांद्याच्या पात्याचा वरचा कोपरा ठणकतो. दुपारी चारनंतर जास्त, रविवारी बरं असतं. कमरेचं असं की खुर्चीवरून उठल्यावर लगेच सरळ होता येत नाही, चार पावलं वाकूनच चालावं लागतं. एक्स-रेमध्ये ‘मानेचा बाक सरळ झालाय’ असं आलं, तेव्हापासून धास्तीच बसली आहे. मान बाजूला ओढून ताणते, कधी हाताने हनुवटी फिरवून कट्‌कन आवाज काढते, पण ते दहा मिनिटांचं सुख. सासूबाई म्हणतात, कूलरच्या वाऱ्याने मान धरली. हातापायाला मुंग्या वगैरे नाहीत. ऑफिसात सगळ्यांसमोर चटई टाकून लोळता येत नाही, तर खुर्चीजवळच होतील असे सोपे व्यायाम सांगाल का?
– एक वाचक, मनीषनगर

ताई, तुमच्या एक्स-रेपेक्षा तुमचा रविवार मला जास्त कामाचा वाटला. कूलर रविवारी रात्रीही चालतोच, उलट सुट्टीच्या दिवशी दुपारीही चालतो. तरी त्या दिवशी मान बरी असते आणि कामाच्या दिवशी चार वाजले की ठणकायला लागते. म्हणजे आपल्याला शोधायचं ते ऑफिसच्या खुर्चीत. सासूबाईंचं अगदीच चूक नाही. रात्रभर गार वारा थेट मानेवर आला की सकाळी ती आखडल्यासारखी वाटते. कूलरचं तोंड थोडं वळवा, त्यांचाही मान राहील. पण दुखणं तिथून सुरू झालेलं नाही.

एक्स-रेचं आधी उरकते, कारण भीतीने माणूस मान हलवायचीच सोडतो आणि मग ती खरोखर आखडते. ‘बाक सरळ झाला’ हे वाक्य मानदुखीच्या रिपोर्टमध्ये मी सतत वाचते. दुखत असेल तेव्हा मानेचे स्नायू ताठ होतात, आणि फोटो काढताना हनुवटी जराशी आत असली तरी बाक कमी दिसतो. काही दुखत नसलेल्या माणसांच्या मानाही अशा सरळ दिसतात. हाताला मुंग्या नाहीत, पकड कमी झालेली नाही, तर त्या एका ओळीवरून घाबरून जायचं कारण नाही.

आता तुमच्या उजव्या कोपऱ्याकडे येऊ. तिथे एक अरुंद, लांबट स्नायू आहे. तो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघतो आणि खांद्याच्या पात्याच्या नेमक्या त्याच वरच्या कोपऱ्याला येऊन चिकटतो. मान वळवायला आणि पातं वर उचलायला तो मदत करतो. मोठी स्क्रीन उजवीकडे असल्यामुळे तुमची मान दिवसभर थोडी उजवीकडे वळलेली, डोकं पुढे आलेलं आणि माऊससाठी उजवा हात लांब गेलेला. या तिन्हीचा भार एकाच जागी पडतो. मोठ्या माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा, दोन मिनिटांत फरक कळेल. मानेमागचे स्नायू ती लांब धरलेली पिशवी नऊ तास सांभाळत असतात.

तुम्ही जिथे मान ओढताय तो स्नायू आखूड झालाय असं समजून ओढताय. माझ्या मते तो प्रामुख्याने दमलाय. दमलेल्या स्नायूला ताण दिला की बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण डोकं परत पुढे गेलं की तो परत कामाला लागतो, म्हणून दहा मिनिटांचंच सुख. डोकं पुढे का जातं? कारण त्याच्या खालची पाठ, म्हणजे दोन पात्यांमधला आणि त्याच्या थोडा खालचा भाग, वाकलेला राहून राहून मागे जायचं विसरलेला असतो. पाठ पोक काढून बसली की स्क्रीन दिसण्यासाठी डोकं पुढे काढावंच लागतं. म्हणून नुसतं ‘मान ताठ ठेव’ म्हणून काही होत नाही. खालचा भाग हलला तर वरच्या मानेला सुटका आहे.

हे तुमच्या बाबतीत खरं आहे का, ते आज घरीच पाहा. भिंतीला पाठ, कूल्हे आणि टाचा टेकवून उभ्या राहा. हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज लागते का? डोकं लागायला हनुवटी वर करावी लागली किंवा दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं, तर पाठ अडकली आहे. दुसरी चाचणी बसून करायची. खुर्चीत बसून मान उजवीकडे वळवा आणि मागे कुठवर दिसतं ते मनात नोंदवून ठेवा, मग डावीकडे. ही नोंद पुढे लागणार आहे.

व्यायाम तीनच सांगते. क्रम बदलू नका आणि सुरुवात पाठीपासून करा.

पहिला, खुर्चीच्या पाठीवरून मागे झुकणं. चाकांची खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवा, आणि मागे कलणारी असेल तर कलण्याचा खटका बंद करा, नाहीतर तुमच्याऐवजी खुर्चीच झुकेल. कूल्हे पार मागे सरकवा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. खुर्चीच्या पाठीची वरची कड पात्यांच्या खालच्या टोकाशी यायला हवी. साहेब लोकांच्या उंच पाठीच्या खुर्चीत ती येत नाही. तिथे ओढणीची घट्ट गुंडाळी करून पात्यांच्या खालच्या टोकाच्या पातळीवर आडवी ठेवा. आता दोन्ही हातांची बोटं डोक्यामागे गुंफा. डोक्याचं सगळं वजन हातांवर द्या, कोपरं थोडी पुढे राहू द्या. श्वास सोडत त्या कडेवरून छाती वर आणि मागे जाऊ द्या, दोन-तीन सेकंद थांबा, परत या. असं दहा वेळा.

हा ताण पाठीच्या मधोमध जाणवला पाहिजे, आणि छातीच्या पुढच्या बाजूला उघडल्यासारखं वाटेल. तिथे हलकासा कट्‌ आवाज आला तर काळजी नको. पण ताण कमरेत जाणवला तर समजायचं की तुम्ही पाठीऐवजी कमरेने वाकताय. तेव्हा पोट जरा आत घ्या, पाय थोडे आपल्याकडे ओढा, आणि कमी झुका. दुसरी चूक म्हणजे हात सोडून डोकं मागे लोंबू देणं. त्याने मानच चेपली जाते आणि काहींना गरगरतं. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी हा व्यायाम विचारल्याशिवाय करू नये. तुमच्या वयात ती शक्यता कमी, पण हे वाचून सासूबाईंना करायला लावू नका.

झालं की लगेच मान उजवीकडे-डावीकडे वळवून पाहा आणि मघाची नोंद आठवा. डिसेंबरमध्ये अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयांतून माझ्याकडे माना धरलेली मंडळी येऊ लागतात. लक्षवेधीची उत्तरं रात्री उशिरापर्यंत टाइप करायची असतात ना. त्यातल्याच एका गृहस्थांना डावीकडे मान वळवून गाडी मागे घेता येत नव्हती. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा कितवा वार दिसतो ते विचारलं. डावीकडे वळून कशीबशी रविवारची पहिली ओळ दिसायची. मानेला हात न लावता त्यांच्याकडून हाच व्यायाम दहा वेळा करून घेतला. परत वळायला सांगितलं तर म्हणाले, ‘बाप्पा, गुरुवार दिसून राहिला!’ दुखणं त्या दिवशी पूर्ण गेलं नाही, तसं जातही नाही. पण अडचण कुठे होती ते त्यांनाही कळलं आणि मलाही. तुमचा असा फरक पडला तर हा व्यायाम तुमच्यासाठी मुख्य. काहीच फरक पडला नाही, तर पाठीऐवजी मानेचेच सांधे आखडलेले असू शकतात, आणि ते कोणाला तरी हाताने तपासावं लागेल.

दुसरा व्यायाम हनुवटी मागे नेण्याचा. दिसायला इतका साधा की बहुतेक जण तो चुकीचा करतात. पाठ टेकवून बसा, नजर समोर. एक बोट हनुवटीला लावा. आता बोट तिथेच ठेवून हनुवटी बोटापासून सरळ मागे न्या, टेबलाच्या खणासारखी आडवी सरकली पाहिजे. नजर खाली जाता कामा नये. खाली बघितलंत तर ते होकाराचं मान डोलावणं झालं, हा व्यायाम नाही. गळ्याशी दुहेरी हनुवटी दिसेल, ती दिसू द्या. पाच सेकंद थांबा, सोडा, असं आठ ते दहा वेळा.

कवटी आणि मान जिथे मिळतात तिथे मागे हलका ताण जाणवेल आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला थोडी मेहनत. त्या पुढच्या बाजूला मणक्यांना लागून खोलवर असलेले लहान स्नायू डोकं जागेवर धरतात, आणि डोकं सतत पुढे असलं की ते आळसावतात. म्हणून यात जोर लावायचा नाही. दात आवळले गेले, श्वास अडकला किंवा खांदे कानाकडे चढले, तर जोर जास्त झाला. निम्म्या ताकदीने करा. व्यायाम करताना दुखणं मानेतून खांद्याखाली, दंडाकडे उतरायला लागलं तर तिथेच थांबा. उलट दुखणं खांद्यावरून मानेकडे गोळा होत आलं, तर मान थोडा वेळ जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण मानतात.

आणि ते हाताने हनुवटी फिरवून आवाज काढणं आजपासून बंद. आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो, तो स्वतः काही बिघडवत नाही. पण जोराने, झटक्याने मान पिळली की मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघातापर्यंत जातं. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेणाऱ्या घरच्या पुरुषांनाही हे वाचून दाखवा.

तिसरा व्यायाम कमरेसाठी, पण ताणायची आहे ती जांघ. तुम्ही लिहिलेली ती वाकलेली चार पावलं मी रोज दवाखान्याच्या बाहेरच्या बाकापासून आतल्या खोलीपर्यंत बघते. कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा एक जाड स्नायू आहे. बसलं की तो आखूड स्थितीत राहतो. तासन्‌तास तसाच राहिला की उठताना तो पटकन लांब होत नाही आणि कमरेला पुढे ओढून धरतो. त्यात पोक काढून बसल्याने कमरेच्या मागच्या बाजूचे बंधही ताणून सैल झालेले असतात. चालायला लागलं की दोन्ही हळूहळू जागेवर यायला लागतात, म्हणून पाचव्या पावलाला तुम्ही सरळ होता.

चटई लागत नाही, साडीतही जमतं. टेबलाच्या कडेला डावा हात ठेवून उभ्या राहा. उजवा पाय एक पाऊल मागे न्या, बोटं पुढेच, टाच उचललेली. डावा गुडघा जरासा वाकवा. आता उजवा कूल्हा आवळा आणि माकडहाड खाली, पुढे गेल्यासारखं करा. पँटचा पट्टा पुढून वर आणि मागून खाली जातो, तसं. एवढ्यानेच उजव्या जांघेत ताण जाणवायला लागतो. मग अंग एक-दोन इंच पुढे न्या आणि ३० सेकंद थांबा. दोन्ही बाजूंना दोन-दोन वेळा.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती हौसेची. लोक मोठं पाऊल टाकतात, छाती काढतात, आणि सगळा वाक कमरेत येतो. जांघ तशीच राहते आणि संध्याकाळी कमर जास्त दुखते. म्हणून पाऊल लहान ठेवा आणि आधी कूल्हा आवळा, मगच पुढे जा. कमरेत चिमटल्यासारखं झालं तर पाऊल आणखी लहान करा. ताण मांडीच्या पुढच्या बाजूला थोडा खाली जाणवला तरी हरकत नाही.

याला जोडून एक सांगते. नऊ तास बसून पार्किंगमध्ये आलात की लगेच स्कूटर मेन स्टँडवरून ओढायची नाही आणि शेजारची ओढून बाजूलाही करायची नाही. कमरेचे बंध सैल असताना वाकून झटका देणं हे कमर धरण्याचं हमखास निमित्त. आधी शंभर-दीडशे पावलं चाला. साइड स्टँड लावायची सवय असेल तर उत्तमच.

तिन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे. दिवसातून तीनदा करा: साडेअकराला, साडेतीनला आणि निघायच्या आधी. साडेतीनची वेळ चुकवू नका, कारण तुमचं दुखणं चारला चढतं आणि त्याच्या आधी गाठलं तर जास्त उपयोग होतो. गजर लावण्यापेक्षा टेबलावर अर्ध्या लिटरची बाटली ठेवा आणि ती संपली की भरायला स्वतः उठा. एप्रिल-मेमध्ये नागपुरात ती बाटली तुम्हाला भरपूर वेळा उठवेल.

पण स्क्रीन उजवीकडेच राहिली तर हे तिन्ही व्यायाम पाण्यात. दिवसाचा जास्त वेळ मोठ्या स्क्रीनवर जात असेल तर ती सरळ नाकासमोर आणा आणि लॅपटॉप बाजूला जाऊ द्या. दोन्ही सारखेच वापरत असाल तर दोघांच्या मधली फट नाकासमोर ठेवा. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीला. लॅपटॉपवरच काम करायचं असेल तेव्हा त्याखाली झेरॉक्स कागदाची दोन-तीन बंडलं ठेवा, ५०० कागदांचं एक बंडल साधारण पाच सेंटिमीटर उंच भरतं. मात्र उंच केलेल्या लॅपटॉपवर थेट टाइप केलंत तर खांदे वर चढतील, म्हणून कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्यावे लागतील. अकाउंट्सवाल्यांच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग असतो, त्यामुळे माऊस आणखी लांब जातो. तो जितका जवळ ओढता येईल तितका ओढा. कोपर कुशीजवळ राहिलं पाहिजे. तुमचा उजवा कोपरा का ठणकतो याचं निम्मं उत्तर मला या टेबलावरच्या मांडणीतच दिसतं.

पहिले चार-पाच दिवस पाठीच्या मधोमध थोडं अंग आंबल्यासारखं दुखेल, ते चालतं. दोन-तीन आठवड्यांत चारचं दुखणं पाच-सहावर सरकायला हवं आणि वाकलेली पावलं चाराची दोन व्हायला हवीत. दुखण्याची वेळ पुढे सरकणं ही सुधारणेची पहिली खूण असते, दुखणं पूर्ण थांबणं नंतर येतं. सहा आठवडे नीट करूनही काहीच हललं नाही, तर कोणत्याही फिजिओथेरपिस्टकडे प्रत्यक्ष दाखवा.

काही गोष्टींसाठी मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. दुखणं कोपराच्या खाली किंवा गुडघ्याच्या खाली उतरलं, बोटं बधिर झाली, हातातून कप निसटायला लागला, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळली, चालताना तोल जायला लागला, तर व्यायाम बंद करून आठवड्याच्या आत हाडांच्या डॉक्टरांना गाठा. बटणं आणि तोल ही दोन लक्षणं असली तर दोन दिवसही थांबू नका. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री कुशीवर वळूनही न थांबणारं दुखणं किंवा गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हेही आधी डॉक्टरांकडे. आणि लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं, असं झालं तर त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जे रुग्णालय जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जायचं, रात्र असली तरी.

कमरपट्ट्याचं तुम्ही विचारलं नाही, पण एक्स-रे काढलेल्या प्रत्येकाच्या हातात तो कोणी ना कोणी देतंच. घरात असेल तर लांबच्या प्रवासाला किंवा कमर फार धरली त्या एक-दोन दिवसांना वापरा. खुर्चीवर बसून नऊ तास तो बांधू नका, आणि हे तिन्ही व्यायाम करताना तर काढूनच ठेवा, कारण पट्टा असला की हालचाल कमरेत होतेय की जांघेत, हे तुम्हाला कळणार नाही.